किलो, क्विंटल, टन एकाच रकान्यात: बेरजेआधी तुम्ही काय तपासता?

सरोजा_औसा

नमस्कार मंडळी. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीची सोयाबीन खरेदी तीन केंद्रांवर चालते. रोज संध्याकाळी तिन्हीकडून फायली येतात, त्या एका शीटमध्ये एकाखाली एक चिकटवायच्या आणि शेवटी बेरीज घ्यायची, ही पद्धत मी इथे रुजू होण्याआधीपासूनची आहे. पहिलं केंद्र वजनकाट्याच्या पावतीवरून किलोत लिहितं, दुसरं आडत्याच्या पट्टीवरून क्विंटलमध्ये, आणि तिसरं केंद्र ट्रक थेट गोदामाला लावतं म्हणून टनात. रकान्याचं नाव मात्र तिघांचंही 'वजन'.

मागच्या आठवड्यातल्या एका दिवसाचे आकडे देते. पहिलं केंद्र ८,४५०, दुसरं ६२.३५, तिसरं ९.१२. शीटने बेरीज दिली ८,५२१.४७, आणि त्यावर मथळा 'एकूण किलो'. गोदामाची पोच होती २३,६९० किलोची.

मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते की ८,५२१ हा आकडा बघून कुणालाच शंका येत नाही. आज आवक कमी होती एवढंच वाटतं. प्रत्यक्षात दोन अख्खी केंद्रं त्या बेरजेत जवळजवळ नाहीतच. सगळं किलोत आणलं की ८,४५० + ६,२३५ + ९,१२० म्हणजे २३,८०५ होतात.

क्विंटलला १०० ने आणि टनाला १,००० ने गुणायचं हे मला माहीत आहे. प्रश्न असा आहे की कुठल्या ओळीला गुणायचं हे खात्रीने कसं ठरवायचं? कारण दुसऱ्या केंद्रावर माणूस बदलला की मधल्याच काही ओळी किलोत येतात.

काटेवाला

ताई, सोपं आहे. आकडा १०० च्या वर असेल तर किलो, खाली असेल तर क्विंटल. आमच्या काट्यावर शंभर किलोच्या आतलं कोणी वजन करायला येतच नाही.

निळू_पुणे

सगळ्या केंद्रांना सांगून टाका की किलोतच लिहा. विषय संपला.

सरोजा_औसा

निळू, सांगून झालंय. पण शेतकऱ्याच्या हातात पडणारी पट्टी क्विंटलची, भाव क्विंटलचा, हमीभावसुद्धा क्विंटलचा. लिहिणारा मनातल्या मनात गुणतो आणि मग चूक कुठे झाली ते आपल्याला दिसतही नाही. त्यापेक्षा पट्टीवर जे आहे तेच येऊ दे, असं माझं मत होत चाललंय.

जुना_हिशेबनीस

सरोजाताई बरोबर म्हणताहेत. मूळ कागदावर आहे तेच उतरवायचं आणि रूपांतर एकाच ठिकाणी, एकत्र करताना करायचं. नाहीतर चूक केंद्रावर होते आणि सापडत नाही.

काटेवाला, तुमचा नियम तुमच्या काट्यापुरता बरोबर आहे. पण केंद्रावर अल्पभूधारक बाई दीड कट्टा घेऊन येते, ७५ किलो. तुमच्या नियमाने ते ७५ क्विंटल झाले. उलट बाजूने व्यापाऱ्याचा एक ट्रक १६० क्विंटलचा असतो, तो तुमच्या नियमाने १६० किलो होईल. नुसत्या आकड्याच्या आकारावरून एकक ठरवू नये. एकक ठरवायला दुसरा साक्षीदार लागतो, आणि तो त्याच ओळीत बसलेला असतो: भाव आणि रक्कम.

ताई, तुमच्या फाईलमध्ये भाव आणि एकूण किंमत येते ना? मग प्रत्येक ओळीला हे भागून बघा. इथे B वजन, E भाव, F किंमत आहे असं धरलंय.

```
=F2/(B2*E2)
```

समजा ओळीत वजन १२.४०, भाव ४,३५०, किंमत ५३,९४० आहे. भागाकार बरोबर १ येतो. पुढच्या ओळीत वजन १,८६०, भाव तोच, किंमत ८०,९१०. इथे भागाकार ०.०१ येईल. म्हणजे भाव क्विंटलचा आणि वजन किलोचं. तिसऱ्या केंद्राच्या टनातल्या ओळींना १० येईल. अंदाज लावायची गरजच उरत नाही, ओळ स्वतःच आपलं एकक सांगते.

एक फट मात्र राहते. वजन किलोत आणि भावही किलोचा, म्हणजे १,८६० आणि ४३.५०, असं कुणी लिहिलं तर भागाकार पुन्हा १ च येतो. म्हणून भावही बघायचा. सोयाबीनचा २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ होता. ऑगस्ट २०२१ मध्ये बाजारभाव दहा हजारांच्या घरात गेला होता. क्विंटलचा भाव कितीही पडला किंवा चढला तरी तो दोन आकडी होत नाही. भाव हजारांत असेल तर क्विंटलचा, पन्नासाच्या आसपास असेल तर किलोचा.

वाशीकर

हिशेबनीस साहेब, सोयाबीनला हे चालेल, कांद्याला जपून. आमच्याकडे वाशीत कांद्याचा भाव दहा किलोचा बोलतात, लासलगावला क्विंटलचा. फरक दहा पटींचा. आणि कांदा ४०० रुपये क्विंटलनेही विकला जातो, ४,००० नेही. फाईलमध्ये भावाच्या रकान्यात ४०० दिसलं तर ते पडलेल्या बाजारातलं क्विंटलचं की चढ्या बाजारातलं दहा किलोचं, हे भावाच्या पट्ट्यावरून कळणारच नाही. त्या तारखेचा बाजार माहीत असावा लागतो.

जुना_हिशेबनीस

अगदी बरोबर. शंभर पटींचा फरक लपत नाही, दहा पटींचा लपू शकतो. कांद्यासाठी त्या दिवसाच्या त्याच बाजाराच्या सरासरी भावाशी ताडून बघावं लागेल.

मन्याड_काठ

आमच्या इथे तर काट्यालाच खोट आहे. घरी मोजलेला माल आणि केंद्रावरचं वजन यात दर वेळी फरक. ताई, तुमच्या २३,८०५ आणि २३,६९० मध्येही ११५ किलो गायब आहेत. त्याचं काय?

काटेवाला

त्याला घट म्हणतात दादा. सोयाबीन ओलं असतं, रस्त्यात सुकतं, सांडतं, चाळणीत माती जाते. शिवाय आमच्यासारख्या मोठ्या काट्यावर वजन ५ किंवा १० किलोच्या पायरीनेच दिसतं. भरलेली गाडी आणि रिकामी गाडी, दोन वेळा ती पायरी लागते. पोत्यांचं वजन वजा केलं की नाही तेही बघा. शेकडा अर्धा टक्का फरक म्हणजे काही फार नाही.

सरोजा_औसा

मन्याड_काठ, ते ११५ किलो वेगळ्या वहीत तपासतेय, पण या प्रश्नाचा तो भाग नाही. एककाची चूक दहा, शंभर, हजार पटींची असते. घट शेकड्याच्या एक-दोन टक्क्यांत असते. दोन्ही एकत्र केल्या तर एकही सापडणार नाही.

हिशेबनीस काका, तुमचा भागाकार दुसऱ्या केंद्राच्या कालच्या फाईलवर लावला. बहुतेक ओळींना १, चार ओळींना ०.०१. पण एका ओळीला ०.९६४ आलं. वजन `12.5`, भाव ४,३५०, किंमत ५२,४१७.५०. ही कपात असेल का? हमाली, तोलाई वगैरे?

जुना_हिशेबनीस

थांबा, ही कपात नाही. ५२,४१७.५० ला ४,३५० ने भागा. १२.०५ येतात.

पट्टीवर '१२ क्विं. ५ किलो' असणार. लिहिणाऱ्याने मध्ये टिंब दिलं आणि १२.५ केलं. शीटने ते साडेबारा क्विंटल धरलं. पंचेचाळीस किलो हवेत वाढले. १२ क्विंटल ५० किलोही `12.5` आणि १२ क्विंटल ५ किलोही `12.5`, दोघांत फरक दिसायला जागाच नाही, कारण `12.50` लिहिलं तरी शीट शेवटचं शून्य खाऊन टाकते.

निळू_पुणे

अरे बापरे. म्हणजे ही चूक घटीसारखीच दिसते! साडेतीन टक्के. मी तर हा भागाकार ०.९५ ते १.०५ मध्ये असेल तर 'ठीक' असं लावणार होतो.

जुना_हिशेबनीस

म्हणूनच तसं सैल लावू नका. कपातीआधीची एकूण किंमत घ्या, शेतकऱ्याच्या हातात पडलेली निव्वळ रक्कम नको. एकूण किंमत म्हणजे वजन गुणिले भाव, त्यात रुपया-दोन रुपयांच्या गोळाबेरजेपलीकडे फरक यायला कारणच नाही. मग फट एवढी अरुंद ठेवता येते की १२.०५ आणि १२.५ वेगळे पडतात. ज्या फाईलमध्ये फक्त निव्वळ रक्कम येते, तिच्यावर ही परीक्षा शंभर पटींची चूक पकडेल, टिंबाची चूक पकडणार नाही.

गिरणा_खोरं

टिंबापेक्षा भारी प्रकार आमच्या सोसायटीत होतो. लिहिणारा टिंब देत नाही, आडवी रेघ देतो. `12-05`. एक्सेलने त्याची १२ मे करून टाकली. तारखेच्या आत एक्सेल दिवसांचा आकडा ठेवतं, आणि बेरजेत तो आकडा जातो. १२ मे २०२५ चा आकडा ४५,७८९ आहे. एका शेतकऱ्याने एका दिवसात पंचेचाळीस हजार क्विंटल विकले म्हणा की! निदान तो आकडा एवढा मोठा होता की लगेच दिसला.

यावर आम्ही केलं ते एवढंच: वजनाचे दोन रकाने. एक 'क्विंटल', एक 'किलो', पट्टीवर असतात तसेच. किलोच्या रकान्यात ९९ च्या वर आकडा टाकूच द्यायचा नाही, तशी मर्यादा शीटमध्ये लावता येते. आणि मग क्विंटल गुणिले १०० अधिक किलो. टिंबाचा प्रश्नच मिटला, कारण टिंब द्यावंच लागत नाही.

सरोजा_औसा

हे फार उपयोगी आहे. पट्टीवर दोन रकाने असतानाही आपण फाईलमध्ये एकच ठेवतो, तिथेच घोळ होतो. दुसऱ्या केंद्राला उद्याच असा नमुना पाठवते.

निळू_पुणे

बाकीच्यांसाठी मी असं सुचवतो. 'एकक' नावाचा वेगळा रकाना ठेवा. दुसऱ्या पानावर एककांची यादी करा: किलो १, क्विंटल १००, टन १०००, आणि लोक जे जे लिहितात ते सगळं, किग्रॅ, क्विं., कुंटल, मे.टन. मग हे:

```
=IFERROR(B2*VLOOKUP(C2,'एकके'!A:B,2,FALSE),"तपासा")
```

यादीत नसलेलं एकक आलं की 'तपासा' दिसेल.

साडेसाती

निळू, सूत्र चांगलं आहे, पण `IFERROR` काढ. 'तपासा' हा मजकूर आहे आणि `SUM` मजकूर मुकाट्याने सोडून देतं. म्हणजे ज्या ओळीचं एकक कळलं नाही ती बेरजेतून गळते आणि बेरीज ठणठणीत दिसते. वर सरोजाताई ज्यावर बोलताहेत तोच रोग परत आला. नुसतं एवढं ठेव:

```
=B2*VLOOKUP(TRIM(C2),'एकके'!A:B,2,FALSE)
```

एकक सापडलं नाही की `#N/A` येईल आणि खालची बेरीजही `#N/A` होईल. होऊ दे. बेरीज मोडली की माणूस ओळ शोधायला जातो. `TRIM` एवढ्यासाठी की 'किलो' च्या मागे एखादी मोकळी जागा पडलेली असते. आणि शेवटचा `FALSE` विसरलात तर यादीतलं भलतंच, जवळचं एकक उचललं जाऊ शकतं.

निळू_पुणे

संध्याकाळी सात वाजता साहेबांना `#N/A` पाठवायचं? तुम्ही पाठवा.

साडेसाती

साहेबांना फोन करून 'दोन ओळी अडल्यात, अर्ध्या तासात देतो' म्हणायचं. चुकीच्या आकड्यावर ट्रक ठरवले तर त्याचं भाडं `#N/A` पेक्षा महाग पडतं.

निळू_पुणे

मला अजूनही वाटतं की बेरीज दाखवावी, आणि शेजारी 'इतक्या ओळी बाकी' असा आकडा ठळक लाल रंगात द्यावा. अर्धी माहिती कधी कधी लागते.

साडेसाती

तो लाल आकडा बेरजेबरोबर पुढे जाणार असेल तर चालेल. पण लोक बेरजेची एकच चौकट उचलून व्हॉट्सॲपवर टाकतात, लाल आकडा इथेच राहतो.

वऱ्हाडी_मानूस

माह्याकडं कापसाचा घोळ हाये भाऊ. शेतकरी कापूस क्विंटलनं देते, जिनिंगवाला गाठी सांगते, न् व्यापारी खंडीचा भाव सांगते. गाठ १७० किलोची, खंडी ३५६ किलोची धरते. हे बी तुमच्या त्या यादीत टाकून देऊ का? मंग सारं किलोत येऊन जाईन.

जुना_हिशेबनीस

भाऊ, गाठ आणि खंडी एकमेकांत टाका, बिनधास्त, कारण दोन्ही रुईची मापं आहेत. पण शेतकऱ्याचा क्विंटल हा सरकीसकट कापसाचा आहे. त्यातून रुई साधारण एक तृतीयांशच निघते. दोन्हीचे किलो करून बेरीज केलीत तर एकक एकच दिसेल आणि माल दोन वेगळे असतील. यादीत 'एकक' शेजारी 'माल' हाही रकाना ठेवा, आणि कापूस व रुई कधीच एका बेरजेत येऊ देऊ नका. कापसाची रुई किती झाली हे जिनिंगच्या उताऱ्यावरून ठरतं, ते एककाचं काम नव्हे.

वऱ्हाडी_मानूस

समजलं. मंग दोन येगयेगळ्या शीटाच करतो.

तोरणमाळ

आमच्याकडे नंदुरबारला आणखी एक. पलीकडचा गुजरातचा व्यापारी 'मण' म्हणतो तेव्हा २० किलो, आणि आमच्या गावातला म्हातारा मण म्हणतो तेव्हा ४० किलो. निळूच्या यादीत 'मण' पुढे काय लिहायचं?

साडेसाती

काहीच नाही. 'मण' यादीत ठेवायचाच नाही, म्हणजे ती ओळ अडेल. किंवा यादीचा शोध पुरवठादार आणि एकक या दोन्हींवर करायचा: अमुक पुरवठादाराचा मण २०, तमुकचा ४०. एकाच शब्दाला एकच आकडा चिकटवला की अर्ध्या लोकांचा माल दुप्पट होतो.

गोदाकाठची_सून

माझ्या आजेसासूबाई अजून पायलीत सांगतात. ती पण टाका यादीत. :)

काटेवाला

वहिनी, पायली हे आकारमानाचं माप. ज्वारीची पायली वेगळी भरते, सोयाबीनची वेगळी. आजींना काट्यावर पाठवा, चहा आमच्याकडून.

वाशीकर

आकडे सरकारी संकेतस्थळावरून घेणाऱ्यांसाठी एक टीप. अॅगमार्कनेटवर आवक टनात असते आणि भाव क्विंटलला. पणन मंडळाच्या पानावर आवक बहुतेक क्विंटलमध्ये, पण पालेभाज्यांच्या परिमाणात 'नग' असतं. मेथीच्या जुड्या आणि कांद्याचे क्विंटल एकाच रकान्यात खाली-वर येतात. दोन्हीकडून घेऊन जोडणार असाल तर परिमाणाचा रकाना टाकून देऊ नका.

सरोजा_औसा

आता मूळ प्रश्नाकडे येते. दोन दिवसांत जे बसवलं ते सांगते.

केंद्रांकडून आलेले आकडे एका पानावर आहेत तसे राहतात, त्यांना हात लावायचा नाही. शेजारी एकक, त्याच्या शेजारी सूत्राने आलेले किलो, आणि बेरीज फक्त या शेवटच्या रकान्याची. मूळ आकड्यावरच गुणाकार करायचा नाही, कारण एकदा १०० ने गुणलेली ओळ दुसऱ्या दिवशी कुणीतरी परत गुणतं आणि ते ओळखू येत नाही. पुढे काकांचा भागाकार, रुपयापर्यंत ताणून. साडेसातींचं `#N/A` ठेवलंय, साहेबांशी बोलून.

पण तिसरं केंद्र अजून अडतंय. तिथला काही माल आमच्याच दुसऱ्या गोदामातून येतो, त्याची खरेदी नसते. म्हणजे भाव नाही, किंमत नाही, फक्त वजन. तिथे साक्षीदार कोण?

गिरणा_खोरं

कट्ट्यांची संख्या लिहितात ना? वजनाला कट्ट्यांनी भागा. कट्टा पन्नास किलोचा धरला तर किलोत लिहिलेल्या ओळीला ५० च्या आसपास येईल, क्विंटलमधल्या ओळीला ०.५, टनातल्याला ०.०५. तुमचं ९.१२ समजा १८२ कट्ट्यांचं असेल तर ०.०५०१, म्हणजे टनच. कट्टा ६० किलोचा निघाला किंवा जुनं शंभर किलोचं पोतं निघालं तरी फरक दुपटीचा, दहा पटींचा नाही. म्हणून एकक चुकत नाही.

सरोजा_औसा

वा! कट्टे लिहिलेले असतात. पण काही ट्रक सुटा माल भरून येतात, त्यांचं?

काटेवाला

तिथे गाडी नंबर बघा. पिकअप दीड टनापलीकडे सहसा जात नाही, दहा चाकी ट्रक पंधरा-सोळा टनांच्या आसपास. १६० लिहिलं असेल आणि गाडी दहा चाकी असेल तर क्विंटल. पण अर्धीच भरलेली गाडी आली तर हे कच्चं आहे. मी तर म्हणेन सुट्या मालाच्या ओळीला काट्याच्या पावतीचा फोटो आल्याशिवाय बेरजेत घेऊ नका. पावतीवर भरलेलं, रिकामं आणि निव्वळ असे तिन्ही आकडे किलोत छापलेले असतात.

निळू_पुणे

रोज फोटो कोण बघणार?

सरोजा_औसा

सुटे ट्रक दिवसाला जास्त नसतात. मी बघेन. पावती आली नाही तर त्या ओळीचं एकक रिकामं ठेवणार, म्हणजे बेरीज आपोआप अडेल. उद्या गोदामाच्या पोचशी ताडून इथे लिहिते.